शनिवारी साडेसात, टोरांटोत सकाळचे दहा

परदेशातल्या भावंडाला आपण अधूनमधून एक निरोप हमखास पाठवतो: 'कधीतरी एकत्र काहीतरी खेळूया.' तिकडून लगेच अंगठा येतो आणि पुढे काहीच होत नाही. त्या निरोपात खेळाचं नाव नसतं, दिवस-वेळ नसते, विकत काय घ्यायचं आणि कोणी, तेही नसतं. हे सगळं ठरवण्याचं काम आपण समोरच्यावर टाकलेलं असतं, आणि त्याच्याकडे तेव्हा कामाचा दिवस सुरू झालेला असतो किंवा मुलांना झोपवायची वेळ झालेली असते.

म्हणून माझ्या टोरांटोच्या मावसभावाला मी जो निरोप पाठवला तो इथे पूर्ण देतो. त्यातलं एकेक वाक्य का आहे, ते मग सांगतो.

'दादा, शनिवारी एक खेळ खेळूया. नाव आहे कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स. दोघांनी मिळून एक बॉम्ब निकामी करायचा. बॉम्ब फक्त तुझ्या स्क्रीनवर दिसेल आणि तो निकामी कसा करायचा ते फक्त माझ्याजवळच्या कागदांत असेल. खेळ एकट्या तुलाच घ्यावा लागेल. स्टीमवर आहे, फोनवरही मिळतो. मी bombmanual.com वरून मॅन्युअल उतरवून छापून घेतो. तू ते उघडून बघू नकोस. शनिवारी माझ्याकडे संध्याकाळी साडेसात, म्हणजे तुझ्याकडे सकाळचे दहा. साधा व्हॉट्सॲप कॉल, व्हिडिओ बंद. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमची घड्याळं मागे जातील, त्यानंतर हीच वेळ तुझ्याकडे नऊची होईल. जमेल की नाही तेवढं कळव. वहिनींना नमस्कार.'

सगळ्यात आधी, हाच खेळ का? एकत्र मिळून खेळायचे, सगळे जिंकणार किंवा सगळे हरणार असे खेळ आता पुष्कळ आहेत. मॅट लीकॉक यांचा २००८ साली आलेला 'पँडेमिक' हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. चार साथीचे रोग जगभर पसरत असतात आणि खेळाडूंनी मिळून ते आटोक्यात आणायचे असतात. खेळ उत्तम आहे, पण भावंडांच्या बैठकीत त्याचं एक दुखणं दिसतं. पटावर काय चाललंय ते सगळ्यांना सारखंच दिसतं, त्यामुळे ज्याला खेळ जास्त कळतो तो बाकीच्यांच्याही खेळ्या ठरवू लागतो. 'तू इथे जा, तू ते पान टाक.' अर्ध्या तासात एकजण खेळतो आणि दुसरा नुसती सोंगटी सरकवतो. घरातल्या थोरल्याला आधीच सांगायची सवय असते आणि धाकट्याला ऐकायची, त्यामुळे तिथे हे आणखी लवकर होतं. त्यात दोघं हजारो मैलांवर असले तर कंटाळलेला धाकटा पुढच्या शनिवारी काहीतरी काम काढतो.

हे टाळायचं असेल तर एकाला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसलं पाहिजे. 'कीप टॉकिंग' नेमका त्यावरच उभा आहे. बॉम्बवाल्याला तारा, बटणं, चिन्हं दिसतात, पण त्यांचं काय करायचं ते ठाऊक नसतं. मॅन्युअलवाल्याकडे सगळे नियम असतात, पण त्याला बॉम्बच दिसत नाही. थोरल्याने कितीही सांगायचं म्हटलं तरी त्याला आधी विचारावं लागतं.

खेळ कॅनडातल्या ओटावा शहरातल्या स्टील क्रेट गेम्स या छोट्या मंडळींनी केला. २०१४ च्या ग्लोबल गेम जॅममध्ये त्याचा पहिला नमुना तयार झाला आणि २०१५ मध्ये तो विक्रीला आला. कल्पना सुचली ती डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर चष्म्यावरून. चष्मा घातलेल्या एकालाच आतलं जग दिसतं आणि भोवतालची माणसं त्याच्याकडे नुसती बघत उभी असतात. चष्मेवाल्याला जे दिसतं ते इतरांना दिसत नाही, या अडचणीचाच त्यांनी खेळ केला. आज व्हीआर चष्म्याची गरज नाही, पण टोरांटो आणि नाशिक यांच्यामधलं अंतर त्या चष्म्याचंच काम करतं. एका खोलीत बसून खेळणाऱ्यांना एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावायचं नाही अशी शपथ घ्यावी लागते. फोनवर खेळणाऱ्यांना ती घ्यावीच लागत नाही, फक्त व्हिडिओ बंद ठेवायचा. निरोपात ते वाक्य त्यासाठीच आहे.

मॅन्युअल २३ पानांचं आहे आणि फुकट आहे. ते छापूनच घ्या, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन मिनिटांत होतं. फोनवर पीडीएफ खालीवर सरकवत बसलं तर वेळ तिथेच जातो. कागदावर पेन्सिलीने खुणा करता येतात, चारपाच पानं शेजारी शेजारी पसरता येतात. दुसरं म्हणजे कॉलही त्याच फोनवर चालू असतो.

बॉम्ब म्हणजे स्क्रीनवर फिरवता येणारी एक पेटी. तिच्या दर्शनी भागावर वेगवेगळी कोडी बसवलेली असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात, आणि उलट चालणारं घड्याळ असतं. पहिल्या बॉम्बला तीन मॉड्यूल आणि पाच मिनिटं असतात. चूक झाली की घड्याळाजवळ फुली पडते. तिसऱ्या फुलीला स्फोट. पण नवशिक्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक फुलीनंतर घड्याळ जलद धावू लागतं. दोन फुल्या झाल्यावर उरलेली दोन मिनिटं खरी दोन मिनिटं नसतात. म्हणून पहिल्या फुलीनंतर अंदाजाने तार कापण्यापेक्षा पाच सेकंद थांबून नीट विचारणं शहाणपणाचं.

आता एक बॉम्ब घेऊ आणि त्यातली तिन्ही मॉड्यूल सोडवून पाहू.

पहिलं तारांचं. दादा म्हणतो, 'चार तारा आहेत. वरून खाली: लाल, निळी, लाल, पिवळी.' माझ्यासमोर चार तारांचे नियम आहेत आणि ते एका क्रमाने वाचायचे आहेत. पहिला नियम असा: एकापेक्षा जास्त लाल तारा असतील आणि सिरियल नंबरचा शेवटचा अंक विषम असेल तर शेवटची लाल तार कापा. लाल तारा दोन आहेत, म्हणजे अर्धी अट पुरी झाली. उरलेल्या अर्ध्यासाठी मला विचारावं लागतं, 'सिरियल नंबर कुठे दिसतोय? त्याचा शेवटचा अंक?' दादा पेटी फिरवतो, बाजूला बघतो. 'सात.' विषम. म्हणजे तिसरी तार, कारण शेवटची लाल तीच आहे. 'वरून तिसरी काप.' हिरवा दिवा लागतो.

तोच अंक सहा असता तर पहिला नियम गळाला असता. दुसरा नियम शेवटची तार पिवळी आणि लाल एकही नाही असा. लाल आहेत, म्हणून तोही गेला. तिसरा म्हणतो निळी तार नेमकी एक असेल तर पहिली कापा. निळी एकच आहे. म्हणजे त्याच चार तारा, तेच रंग, आणि कापायची मात्र सगळ्यात वरची. मॅन्युअलवाल्याच्या बहुतेक चुका इथे होतात. नजर खालच्या नियमावर जाते, तो जुळतो, आणि वरचा नियम आधी लागू होता हे राहून जातं. उपाय साधा आहे. बोट कागदावर ठेवायचं आणि प्रत्येक नियम मोठ्याने 'नाही' म्हणून खोडत खाली यायचं. समोरच्यालाही ते ऐकू येतं, त्यामुळे आपण गप्प बसलो आहोत की वाचत आहोत असा प्रश्न त्याला पडत नाही.

आमच्या दोघांत आता एक रिवाज पडला आहे. घड्याळ सुरू झालं की दादा मॉड्यूलला हात लावण्याआधी पेटी चारी बाजूंनी फिरवतो आणि तीन गोष्टी सांगून टाकतो: सिरियल नंबर, बॅटऱ्या किती, आणि कोणत्या अक्षरांचे दिवे लागलेले आहेत. मी ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतो. दहा-पंधरा सेकंद जातात, पण पुढे प्रत्येक मॉड्यूलच्या मध्यात पेटी फिरवायला जाणारा वेळ वाचतो. बॅटऱ्या मोजताना खाचा मोजायच्या नाहीत. एका खाचेत मोठी बॅटरी एकच असते, पण बारीक बॅटऱ्या असतील तर दोन असतात. 'बॅटरी एक की दोन' यावर पुढचं बटण अवलंबून आहे.

ते बटण हे दुसरं मॉड्यूल. दादा सांगतो, 'निळं मोठं बटण, वर डेटोनेट लिहिलंय.' माझा पहिला नियम निळ्या बटणावर अबॉर्ट लिहिलं असेल तर, म्हणून तो लागू नाही. दुसरा म्हणतो बॅटऱ्या एकापेक्षा जास्त आणि बटणावर डेटोनेट असेल तर दाबून लगेच सोडा. माझ्या कोपऱ्यात लिहिलंय, बॅटऱ्या दोन. दाबलं, सोडलं, झालं. बॅटरी एकच असती तर बाकीचे नियमही एकेक करून गळाले असते आणि शेवटचा उरला असता: दाबून धरा. धरलं की बटणाच्या बाजूला एक रंगीत पट्टी पेटते आणि तिच्या रंगावरून सोडायचं कधी ते ठरतं. पट्टी निळी असेल तर घड्याळात कुठेही ४ हा आकडा दिसत असताना सोडायचं, पिवळी असेल तर ५, पांढरी किंवा इतर कोणतीही असेल तर १.

परदेशी कॉलवर खेळणाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, कधी जास्तच. मी 'आता सोड!' ओरडलो तर ते दादाला ऐकू येईपर्यंत आकडा पुढे गेलेला असतो. म्हणून मी 'आता' म्हणतच नाही. 'घड्याळात चार दिसला की तू सोड' एवढं सांगतो आणि गप्प बसतो. घड्याळ त्याच्यासमोर आहे, क्षण त्यानेच पकडायचा. संपूर्ण खेळात हाच नियम ठेवला तर खराब नेटवर्कचा त्रास जवळजवळ उरत नाही: हुकूम द्यायचा नाही, अट सांगायची.

तिसरं मॉड्यूल चिन्हांचं, आणि माझ्या मते या खेळातलं सगळ्यात सुंदर. चार बटणं, प्रत्येकावर एक विचित्र चिन्ह. कुणी ग्रीक, कुणी जुनं रशियन, कुणी नुसतीच आकृती. माझ्या पानावर अशा चिन्हांचे सहा उभे रकाने आहेत. दादाची चारही चिन्हं त्यांतल्या एकाच रकान्यात सापडतात. तो रकाना शोधायचा आणि चिन्हं त्या रकान्यात वरून खाली ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने दाबायला सांगायचं.

अडचण अशी की या चिन्हांना आपल्याकडे नावंच नाहीत. दादाला ती बोलून दाखवावी लागतात. 'एक चांदणी आहे. एक उलटं प्रश्नचिन्ह, टिंब वर. एक इंग्रजी सी, पण आत टिंब. आणि एक के आहे बघ, खाली शेपूट वळलेली.' ऐकताना सगळं स्पष्ट वाटतं, पण कागदावर पाहिलं की चांदण्या दोन आहेत: एक नुसती रेघांची, पोकळ, आणि एक आतून भरलेली. टिंबवाले सीसुद्धा दोन: एकाचं तोंड उजवीकडे, एकाचं डावीकडे. म्हणून दोनच प्रश्न विचारायचे. 'चांदणी पोकळ की भरलेली?' पोकळ. 'सीचं तोंड कुठे?' डावीकडे. पोकळ चांदणी दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात आहे, उलटं प्रश्नचिन्ह दुसऱ्यात आणि चौथ्यात. दोन्ही जिथे आहेत तो दुसरा रकाना, आणि डाव्या तोंडाचा सी व शेपटीवाला के तिथेच सापडतात. वरून खाली क्रम: सी, चांदणी, के, प्रश्नचिन्ह. दादा त्याच क्रमाने दाबतो आणि घड्याळ थांबतं.

दोन-तीन शनिवारांत प्रत्येक जोडीची स्वतःची नावं तयार होतात. आमच्याकडे मधे आडवी रेघ असलेल्या एका आकृतीला 'युरो' म्हणतात, तीन टोकांच्या एकाला 'त्रिशूळ', आणि खाली दोरीसारखी रेघ असलेल्या गोलाला 'फुगा'. टोरांटोत वाढलेली पुतणी मधे येऊन बसते तेव्हा तिला त्रिशूळ हा शब्द या खेळातून कळतो आणि ती तो बिनचूक वापरते. बोलायची भाषा कोणती हे खेळ विचारत नाही, त्यामुळे मराठी अर्धवट येणाऱ्या मुलांना रंग, अंक, डावं-उजवं, वर-खाली, पहिलं-शेवटचं हे शब्द घाईत आणि खऱ्या गरजेपोटी वापरावे लागतात. मॅन्युअल मात्र इंग्रजीतून वाचायचं आणि मराठीत सांगायचं, हे मनाशी ठरवून घ्यावं लागतं.

पुढच्या बॉम्बांमध्ये मॉड्यूल वाढतात. भुलभुलैयात दादाला ठिपक्यांची चौकट आणि लाल त्रिकोण दिसतो, मधल्या भिंती फक्त माझ्या पानावर असतात, त्यामुळे रस्ता मला सांगावा लागतो आणि भिंतीवर आपटला की फुली त्याला मिळते. तिथे आधी ठरवा: आडवं डावीकडून मोजायचं, उभं वरून, आणि नेहमी आडवं आधी बोलायचं. हे न ठरवता सुरू केलं तर 'दोन-पाच' म्हणजे काय यावरच वेळ जातो. शब्दांचं एक मॉड्यूल आहे ज्यात इंग्रजीतले सारखे ऐकू येणारे शब्द मुद्दाम ठेवलेत. तिथे शब्द न उच्चारता एकेक अक्षर सांगायचं, दुसरा उपाय नाही. मेमरी नावाच्या मॉड्यूलमध्ये पाच टप्पे असतात आणि नंतरच्या टप्प्यांत आधी कुठलं बटण दाबलं ते विचारलं जातं. डोक्यात ठेवायचा मोह होईल, ठेवू नका. प्रत्येक टप्प्यात दाबलेल्या बटणाची जागा आणि त्यावरचा आकडा, दोन्ही लिहा.

आता वेळेचं. भारतात घड्याळ वर्षभर तेच असतं. टोरांटो, न्यूयॉर्क, न्यू जर्सी इथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. उन्हाळ्यात आपल्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. लंडनला हेच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. तिथे उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास. दर आठवड्याचा कार्यक्रम मोडतो तो बहुतेक वेळा या दोन रविवारांच्या आसपास. एकजण वाट बघून फोन ठेवतो, दुसरा तासाने उगवतो, आणि मग दोन आठवडे कोणी विषय काढत नाही. म्हणून निरोपात वेळ दोन्ही गावांची लिहायची आणि पुढचा बदलही आधीच सांगून ठेवायचा.

खेळाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बाजू बदलायच्या, म्हणजे मी बॉम्ब घ्यायचा आणि दादाने मॅन्युअल, असं ठरलं तर मलाही खेळ विकत घ्यावा लागतो. स्क्रीन शेअर करून भागत नाही, कारण मग बॉम्ब दोघांनाही दिसतो. बॉम्ब दर वेळी नवा असला तरी मॅन्युअल तेच राहतं, त्यामुळे काही महिन्यांत तारांचे नियम पाठ होतात आणि बॉम्बवाला न विचारताच कापू लागतो. तसं झालं की खेळातला प्राण गेला. संगणकावरच्या खेळात स्टीमवरून इतर खेळाडूंनी बनवलेली नवी मॉड्यूल जोडता येतात, प्रत्येकाचं मॅन्युअल वेगळं. ते नको असेल तर आँत्वान बोझा यांचा 'हानाबी' हा पत्त्यांचा खेळ पाहा, ज्याला २०१३ साली जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा मानाचा पुरस्कार मिळाला. त्यात स्वतःची पानं स्वतःला दिसत नाहीत, फक्त समोरच्याची दिसतात. तत्त्व तेच, पण तो शांतपणे, मोजक्या इशाऱ्यांवर खेळायचा आहे, आणि गप्पांसाठी आसुसलेल्या भावंडांना मी आधी 'कीप टॉकिंग'च सुचवेन. आणखी एक सांगतो: विषय बॉम्बचा आहे, त्यामुळे घरात कुणाला तो नको असेल तर आग्रह करू नका, आणि स्टेशनवर किंवा विमानतळावर बसून 'लाल तार काप' असं मोठ्याने बोलणं टाळा.

पहिल्या दिवशी बॉम्ब कोणी घ्यायचा? माझं मत ठाम आहे: थोरल्याने. नियम धाकट्याच्या हातात द्या, म्हणजे विचारायची पाळी थोरल्यावर येते आणि थांबून ऐकायचीही. तेव्हा वरचा निरोप घ्या, नावं आणि गावं बदला, दोन्हीकडची वेळ तपासा, आणि आज रात्रीच पाठवा, म्हणजे शनिवारपर्यंत तिकडे खेळ उतरवून झालेला असेल आणि तुमच्याकडे पानं छापून.